विश्लेषण : प्रिझममधून जाणारा किरण सर्वांत कमी कधी वळतो? आणि त्या एका कोनावरून काच कशी ओळखता येते?

ड्रॉइंग बोर्ड, पांढरा कागद, चार टाचण्या आणि काचेचा एक त्रिकोणी ठोकळा. सीबीएसईच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातील हा प्रयोग अनेकांनी केलेला असतो. किरण किती वळला हे मोजायचे, आलेख काढायचा आणि त्यातल्या सर्वांत खालच्या बिंदूवरून काचेचा अपवर्तनांक काढायचा. उत्तर १.५२च्या आसपास आले की वही तपासून मिळते. पण नेमका सर्वांत खालचाच बिंदू का घ्यायचा? इतर वाचनांवरून उत्तर काढले तर काय बिघडते? आणि प्रत्येकाच्या वहीत उत्तर थोडे वेगळे का येते? या प्रश्नांची उत्तरे त्या आलेखाच्या आकारातच दडलेली आहेत.

विचलन म्हणजे काय?

प्रकाशकिरण हवेतून काचेत शिरताना वाकतो आणि काचेतून हवेत येताना पुन्हा वाकतो. काचेच्या समांतर बाजूंच्या चिपेत ही दोन वाकणी एकमेकांना रद्द करतात आणि किरण मूळ दिशेला समांतरच बाहेर पडतो. प्रिझमच्या दोन बाजू एकमेकींशी कोन करतात. त्यामुळे दोन्ही वेळा किरण एकाच दिशेने, म्हणजे प्रिझमच्या जाड पायाकडे झुकतो. आत येणारा किरण सरळ पुढे गेला असता तर ज्या दिशेने गेला असता, ती दिशा आणि तो प्रत्यक्षात ज्या दिशेने बाहेर पडतो ती दिशा, यांमधला कोन म्हणजे विचलन कोन.

समभुज प्रिझममध्ये ज्या दोन बाजूंतून प्रकाश जातो त्यांच्यातला कोन ६० अंशांचा असतो. याला प्रिझमचा कोन म्हणतात आणि तो A या अक्षराने दाखवतात. किरण पहिल्या बाजूवर स्तंभिकेशी जो कोन करून पडतो तो आपतन कोन i आणि दुसऱ्या बाजूतून ज्या कोनाने बाहेर पडतो तो निर्गत कोन e. या चौघांचे नाते अगदी साधे आहे. आपतन आणि निर्गत कोनांची बेरीज ही प्रिझमचा कोन आणि विचलन यांच्या बेरजेइतकी असते.

i + e = A + D

इथे D म्हणजे विचलन. हे नाते केवळ भूमितीतून येते. काच कोणती, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच पुढे ते वाचने तपासायला उपयोगी पडते.

आपतन कोन वाढवला की विचलन वाढते का?

सहज वाटेल की किरण जितका तिरका टाकू तितका तो जास्त वळेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. नेहमीच्या क्राउन काचेचा, १.५२ अपवर्तनांकाचा समभुज प्रिझम घेतला आणि विचलन अर्ध्या अंशापर्यंत मोजले, तर आकडे असे येतात :

आपतन ३५ अंश : विचलन ४४ अंश
आपतन ४० अंश : विचलन ४०.५ अंश
आपतन ४५ अंश : विचलन ३९.५ अंश
आपतन ५० अंश : विचलन ३९ अंश
आपतन ५५ अंश : विचलन ३९.५ अंश
आपतन ६० अंश : विचलन ४०.५ अंश

विचलन आधी झपाट्याने उतरते, मग मंदावते, ५० अंशांच्या आसपास तळ गाठते आणि पुन्हा चढू लागते. हा तळ म्हणजेच किमान विचलन. यापेक्षा कमी वळून कोणताही किरण या दोन बाजूंतून बाहेर पडू शकत नाही.

वाचने ३५ अंशांपासूनच का सुरू करायची, याचेही उत्तर इथेच आहे. या काचेत आपतन कोन साधारण साडेएकोणतीस अंशांच्या खाली गेला की किरण दुसऱ्या बाजूवर इतका तिरका पोहोचतो, की तो बाहेर पडतच नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. मग पलीकडून कितीही डोळा लावला तरी टाचण्या दिसत नाहीत. अशा वेळी चूक प्रिझमची नसते, निवडलेल्या कोनाची असते.

तळाशी असे काय विशेष घडते?

वरच्या आकड्यांत ४० आणि ६० अंशांना विचलन सारखेच आहे. हा योगायोग नाही. ४० अंशांनी आत शिरलेला किरण जवळपास साडेसाठ अंशांनी बाहेर पडतो. प्रकाशाचा मार्ग उलटही चालतो. म्हणजे साडेसाठ अंशांनी शिरलेला किरण त्याच वाटेने ४० अंशांनी बाहेर येईल आणि तेवढाच वळेल. थोडक्यात, प्रत्येक विचलन दोन वेगवेगळ्या आपतन कोनांना मिळते आणि ती जोडी म्हणजे एकाच मार्गाची दोन टोके असतात.

तळाकडे सरकत गेले की ही जोडी जवळ येते. अगदी तळाशी एकच कोन उरतो. जोडीतले दोन्ही कोन एकच झाले, म्हणजे आपतन कोन आणि निर्गत कोन समान झाले. किरण प्रिझममधून दोन्ही बाजूंना सारखा झुकून, समभुज प्रिझमच्या पायाला समांतर जातो.

ही समानता हाती आली की गणित सोपे होते. i आणि e समान असल्याने प्रत्येक कोन A + D च्या निम्मा. काचेच्या आत किरण दोन्ही बाजूंच्या स्तंभिकेशी जे कोन करतो त्यांची बेरीज नेहमी A असते. तेही समान असल्याने प्रत्येक A च्या निम्मा, म्हणजे समभुज प्रिझममध्ये बरोबर ३० अंश. आता स्नेलचा नियम लावायचा : बाहेरच्या कोनाची ज्या भागिले आतल्या कोनाची ज्या म्हणजे अपवर्तनांक.

n = sin[(A + D)/2] / sin(A/2)

वरच्या उदाहरणात D ३९ अंश आहे. ६० आणि ३९ची बेरीज ९९, तिचे निम्मे ४९.५. त्याची ज्या ०.७६०४. ती ३० अंशांच्या ज्येने, म्हणजे ०.५ने भागली की उत्तर १.५२१. काचेचा खरा अपवर्तनांक १.५२ होता. अर्ध्या अंशापर्यंतच मोजूनही उत्तर इतके जवळ येते.

आलेखावरून आपतन कोनच का वाचू नये?

इथे अनेकांच्या मनात एक आडवाट येते. तळाशी आतला कोन ३० अंश असतो हे ठाऊक आहेच. मग आलेखावरून तळाचा आपतन कोन वाचायचा आणि त्याची ज्या ०.५ने भागायची. सूत्र चुकीचे नाही, पण उत्तर बिघडते.

कारण आलेखाचा तळ सपाट आहे. ४५पासून ५५ अंशांपर्यंत, म्हणजे तब्बल १० अंशांच्या पट्ट्यात, विचलन जेमतेम अर्ध्या अंशाने बदलते. त्यामुळे तळ नेमका कोणत्या आपतन कोनाला आहे हे नजरेने ठरवणे अवघड जाते. कोणी ४८ म्हणेल, कोणी ५२. समजा ५२ वाचले, तर अपवर्तनांक १.५७६ येतो. ही वेगळीच काच झाली. मात्र ४८ म्हणणारा आणि ५२ म्हणणारा, दोघेही विचलन ३९ अंशच वाचतील. जो सपाटपणा आपतन कोनाला दगा देतो, तोच विचलनाला सांभाळून घेतो. किरण दोन-तीन अंश इकडेतिकडे पडला तरी किमान विचलन जवळपास तेच राहते. सर्वांत खालचा बिंदू निवडण्यामागचे खरे कारण हे आहे.

टाचण्यांच्या प्रयोगात चूक नेमकी कुठे शिरते?

पद्धत साधी आहे. कागदावर प्रिझमची बाह्यरेषा आखायची, एका बाजूवर स्तंभिका काढायची आणि तिच्याशी ठरलेल्या कोनाची रेषा आखून तिच्यावर दोन टाचण्या उभ्या करायच्या. दुसऱ्या बाजूने पाहत आणखी दोन टाचण्या अशा लावायच्या, की चारही एका ओळीत दिसतील. मग प्रिझम उचलून दोन्ही रेषा वाढवायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा.

पहिली चूक टाचण्यांच्या अंतरात होते. दोन टाचण्या दोन सेंटीमीटरवर लावल्या आणि त्यातली एक अर्धा मिलीमीटर सरकली, तर रेषा जवळपास दीड अंशाने फिरते. अंतर दहा सेंटीमीटर ठेवले तर तीच चूक पाव अंशाच्या आसपास उरते. टाचण्या जुळवताना डोक्यांकडे न बघता पायांकडे बघायचे, कारण टाचणी किंचित कलली तरी तिचा पाय कागदावर आपल्या जागीच असतो.

दुसरी चूक प्रिझमच्या कोनाबाबत होते. ‘समभुज आहे’ म्हणून सूत्रात सरळ ६० टाकले जातात. प्रिझमचा कोन प्रत्यक्षात साडेएकोणसाठ अंश निघाला, तर एवढ्यामुळेच अपवर्तनांकात सुमारे ०.००६चा फरक पडतो. विचलन मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली तरी साधारण तेवढाच फरक पडतो. म्हणजे विचलनाची सहा वाचने काळजीपूर्वक घ्यायची आणि प्रिझमचा कोन न मोजताच धरून चालायचे, यात घेतलेली अर्धी मेहनत वाया जाते. प्रिझमचे तीन कोपरे अगदी सारखे नसतात. त्यामुळे एकदा धरलेला कोपराच शेवटपर्यंत वापरायचा आणि त्यावर खूण करायची.

चूक झाली आहे हे ओळखायचे कसे? प्रत्येक वाचनासाठी निर्गत कोनही मोजायचा आणि i + e = A + D हे जुळते का पाहायचे. ४० अंशांच्या वाचनाला निर्गत कोन ६०.५ आला तर बेरीज १००.५. दुसरीकडे ६० अधिक ४०.५, तेही १००.५. वाचन बरोबर. एखाद्याच वाचनात दोन अंशांचा फरक आला तर तेव्हा प्रिझम सरकला असावा. सगळ्याच वाचनांत सारखाच फरक येत असेल, तर प्रिझमचा कोन ६० नाही.

आलेख काढतानाही एक सवय सोडावी लागते. बिंदू पट्टीने जोडले की इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार आकृती होते आणि तळ एखाद्या वाचनावरच येऊन बसतो. खरी रेषा गोलसर असते. डावीकडे उतार तीव्र, उजवीकडे सौम्य. हाताने गुळगुळीत रेषा काढायची, मग समान विचलनाच्या आडव्या रेषा आखून त्यांचे मध्यबिंदू काढायचे. ते मध्यबिंदू खाली सरकत ज्या जागी वक्ररेषेला भेटतात तिथे तळ.

फोनवर उत्तर ०.७० का येते?

हे गणित हल्ली फोनच्या कॅल्क्युलेटरवर केले जाते आणि तिथे एक हमखास फसगत होते. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असेल, तर ४९.५ आणि ३० याच आकड्यांवरून उत्तर ०.७० येते. अपवर्तनांक १पेक्षा कमी म्हणजे काचेत प्रकाश निर्वातापेक्षा वेगाने धावला. दृश्य प्रकाशासाठी साध्या काचेत असे होत नाही. उत्तर १च्या खाली दिसले की प्रयोग पुन्हा करण्याआधी स्क्रीनवर RAD ऐवजी DEG निवडलेले आहे का, हे बघायचे.

स्पेक्ट्रोमीटर वेगळे काय करतो?

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत टाचण्यांच्या जागी स्पेक्ट्रोमीटर येतो. त्यात एका नळीतून प्रकाशाचा समांतर झोत येतो, मध्ये फिरणाऱ्या चकतीवर प्रिझम ठेवतात आणि बाहेर पडणारा प्रकाश दुर्बिणीतून पाहतात. दिवा सोडियमचा असतो, त्यामुळे फक्त पिवळा प्रकाश मिळतो आणि दुर्बिणीत फटीची एक बारीक पिवळी रेषा दिसते.

इथे आलेख काढावाच लागत नाही. प्रिझमची चकती हळूहळू फिरवली की पिवळी रेषा एका दिशेने सरकते, मंदावते, थांबते आणि चकती त्याच दिशेने फिरत असतानाही मागे फिरते. ती ज्या क्षणी थांबते तो आलेखाचा तळ. दुर्बिणीतली उभी तार त्या वळणाच्या जागेवर आणून वाचन घ्यायचे. मग प्रिझम काढून सरळ येणाऱ्या प्रकाशाचे वाचन घ्यायचे. दोन वाचनांतला फरक म्हणजे किमान विचलन.

समजा एका व्हर्नियरवर हा फरक ३८ अंश ५२ मिनिटे आला आणि समोरच्या व्हर्नियरवर ३८ अंश ५४ मिनिटे. तबकडीचा मध्य आणि फिरण्याचा मध्य तंतोतंत एकच नसल्यास असा फरक पडतो आणि दोन्हींची सरासरी घेतली की तो निघून जातो. सरासरी ३८ अंश ५३ मिनिटे. प्रिझमचा कोनही याच यंत्रावर मोजतात. त्याची कड झोताकडे करून दोन्ही बाजूंवरून परावर्तित झालेली रेषा पाहतात. त्या दोन जागांतला कोन प्रिझमच्या कोनाच्या दुप्पट असतो. तो १२० अंश आला, म्हणजे A बरोबर ६०. सूत्रात घातल्यावर अपवर्तनांक येतो १.५१९५.

इथे एका मिनिटाची चूक अपवर्तनांकात सुमारे ०.०००२ एवढाच फरक पाडते. टाचण्यांच्या प्रयोगात दुसऱ्या दशांश स्थळानंतर खात्री संपत होती, ती इथे चौथ्या स्थळापर्यंत जाते.

दिवा पिवळाच का लागतो?

कारण काचेला एकच अपवर्तनांक नसतो. प्रत्येक रंगाला तो वेगळा असतो. बोरोसिलिकेट क्राउन या नेहमीच्या प्रकाशीय काचेत तो लाल प्रकाशाला १.५१४ तर निळ्याला १.५२२ आहे. समभुज प्रिझममध्ये या दोन रंगांच्या किमान विचलनात सुमारे ०.७ अंशांचा फरक पडतो. पांढऱ्या प्रकाशात टाचण्या पाहताना त्यांच्या कडांना रंगीत झालर दिसते ती याचमुळे. म्हणून रंग न सांगता अपवर्तनांक सांगणे अपुरे आहे.

ही अडचण जर्मनीतील बव्हेरियात योझेफ फ्राउनहोफर यांना दोनशे वर्षांपूर्वी आली. बेनेडिक्टबॉयर्न येथे ते दुर्बिणींसाठी काच बनवत होते. रंगीत झालर न येणारी भिंगे बनवायची तर दोन प्रकारच्या काचांचे वेगवेगळ्या रंगांसाठीचे अपवर्तनांक नेमके हवे होते. पण सूर्याच्या वर्णपटात पिवळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कोण ठरवणार? १८१४मध्ये त्यांनी खिडकीच्या झडपेतील अरुंद फटीतून आलेला सूर्यप्रकाश सुमारे ६० अंशांच्या प्रिझममधून, किमान विचलनाच्या स्थितीत, थिओडोलाइटच्या दुर्बिणीने पाहिला. वर्णपटात असंख्य काळ्या रेषा दिसल्या. त्यांनी त्यातील ठळक रेषांना अक्षरे दिली. त्या नेहमी आपल्या ठरलेल्या रंगातच असतात, त्यामुळे मोजमापाला पक्क्या खुणा मिळाल्या. त्यातली D रेषा म्हणजे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचीच जागा. प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा हा त्या खुणेचा वारसदार आहे.

कोणत्याही पदार्थाला ही पद्धत चालते का?

द्रवालाही चालते. काचेच्या सपाट चिपांचा पोकळ प्रिझम करून त्यात पाणी भरले की किमान विचलन सुमारे २३.६ अंश मिळते आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३ निघतो. चिपांच्या बाजू समांतर असल्याने त्या विचलनात भर घालत नाहीत.

मात्र ६० अंशांच्या प्रिझमला वरची मर्यादा आहे. सूत्रातली वरची ज्या १पेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि खाली ०.५ आहे, म्हणून अपवर्तनांक २पेक्षा जास्त असेल तर उत्तरच नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. हिऱ्याचा समभुज प्रिझम हवेत ठेवला तर या दोन बाजूंतून एकही किरण आरपार जाणार नाही. अशा पदार्थासाठी कमी कोनाचा प्रिझम कापावा लागतो.

आकाशात दिसणारे खळे आणि हा प्रयोग यांचा काय संबंध?

कधी कधी पातळ, उंच ढगांच्या पडद्याआडून चंद्राभोवती किंवा सूर्याभोवती मोठे गोल कडे दिसते. त्याला खळे म्हणतात. हे ढग बर्फाच्या षटकोनी स्फटिकांचे असतात. षटकोनाच्या एकाआड एक बाजू वाढवल्या तर त्या ६० अंशांचा कोन करतात. म्हणजे प्रत्येक स्फटिक हा बर्फाचा समभुज प्रिझमच.

स्फटिक वाटेल तसे फिरलेले असतात, म्हणून प्रकाश वेगवेगळ्या आपतन कोनांनी त्यांच्यात शिरतो. पण आलेखाचा तळ सपाट असल्याने पुष्कळसे किरण किमान विचलनाच्या आसपासच वळून बाहेर पडतात आणि तिथे प्रकाश दाटतो. त्यापेक्षा कमी कुणीच वळू शकत नाही, म्हणून कड्याच्या आतले आकाश काळपट दिसते. लाल रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून कड्याची आतली कड तांबूस असते.

या कड्याची त्रिज्या सुमारे २२ अंश असते. D च्या जागी २२ घातले तर ६० आणि २२ची बेरीज ८२, निम्मे ४१, त्याची ज्या ०.६५६. ०.५ने भागली की १.३१. बर्फाचा अपवर्तनांक एवढाच आहे. हात पूर्ण लांबवून पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर वीस-बावीस अंशांचे भरते. सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक असल्याने हे मोजमाप चंद्राच्या खळ्यावर करावे. अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी कड्याच्या जवळपास पोहोचते.